अग्निबाणाचा चक्रवाढ हिशेब

आमच्या भिगवणपासून तासाभराच्या वाटेवर, इंदापूर तालुक्यातच, वालचंदनगर आहे. साखर कारखान्यासाठी हे गाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेथील वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या यंत्रशाळेत 1970च्या दशकापासून अग्निबाणांची पोलादी नळकांडी तयार होत आली आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. भारताच्या ‘पीएसएलव्ही’ या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याची पोलादी कवचे येथे बनली. 14 जुलै 2023 रोजी ‘चांद्रयान-3’ घेऊन उडालेल्या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंस जे दोन प्रचंड बूस्टर होते, त्यांच्या कवचाचे भागही येथलेच.

माझे मामा या यंत्रशाळेत फिटर होते. एकदा सुट्टीत ते आजीला सांगत होते, की नळकांड्याच्या एकेका सांध्याचा एक्स-रे कसा काढतात, आत पाणी भरून दाब देऊन ते कसे तपासतात, आणि भिंतीची जाडी केसभरही इकडची तिकडे झालेली कशी चालत नाही. आजीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आन् मंग ते जातं कुठं?” मामा म्हणाले, “पावणेदोन मिनिटं जळतं आणि समुद्रात पडतं.” त्यावर आजी म्हणाली, “दोन मिन्टात दर्यात टाकायचं, मंग येवढी घासाघीस कशापायी रं?” मामा हसले आणि म्हणाले, “आये, ते हलकं पाहिजे.” आजीचे काही समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

आजीच्या त्या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. इतक्या कष्टाने केलेली वस्तू वाटेत टाकून का द्यायची? आणि टाकूनच द्यायची, तर ती इतकी काटेकोर हलकी का करायची? मी कला शाखेचा विद्यार्थी, माझा विषय अर्थशास्त्र. पण या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ज्या गणितात आहे ते चक्रवाढ व्याजाचेच गणित आहे, असे वाचताना ध्यानात आले, आणि म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम अग्निबाण पुढे जातो कसा ते पाहू. कल्पना करा, की उजनीच्या जलाशयात एक होडी उभी आहे. वल्हे नाही, वारा नाही. होडीत एक माणूस आहे आणि दगडांचा ढीग आहे. होडी, माणूस आणि दगड मिळून वजन 1000 किलो. माणूस 10 किलोचा एक दगड उचलतो आणि मागच्या बाजूस जोराने फेकतो. दगड मागे जातो, होडी किंचित पुढे सरकते. पाण्याचा अडथळा क्षणभर विसरू. माणसाने दगड दर सेकंदाला 3 मीटर या वेगाने फेकला, तर होडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका, म्हणजे सेकंदाला 3 सेंटिमीटर वेग मिळेल. कारण दगड हा एकूण वजनाचा शंभरावा हिस्सा आहे. अग्निबाणही हेच करतो. तो दगडांऐवजी जळलेल्या इंधनाचा तप्त वायू मागे फेकतो. अनेकांना वाटते, की तो वायू हवेला रेटतो म्हणून अग्निबाण पुढे जातो. तसे नाही. ढकलायला बाहेर काहीच लागत नाही. आपल्याजवळचे काही मागे फेकणे एवढेच पुरते. म्हणूनच हवा नसलेल्या अवकाशातही तो चालतो.

आता दुसरा दगड. होडीचे वजन आता 990 किलो उरले आहे. पुन्हा तेवढाच 3 सेंटिमीटर वेग वाढवायचा, तर उरलेल्या वजनाचा शंभरावा हिस्सा, म्हणजे 9.9 किलोचा दगड पुरे. तिसऱ्या वेळी 9.8 किलोचा. येथे हिशेबाची गोम आहे. प्रत्येक वेळी वेग सारखाच वाढतो, पण वजन सारखे घटत नाही. ते उरलेल्या वजनाच्या ठरावीक टक्क्याने घटते. वाणिज्य शाखेच्या मित्रांना हा हिशेब परिचयाचा आहे. यंत्रावरील घसारा घटत्या शिलकीच्या पद्धतीने काढतात, तो असाच असतो. हेच उलट्या बाजूने पाहिले, की ते सावकाराचे चक्रवाढ व्याज होते.

असे शंभर दगड फेकले, की होडीचा वेग दगड फेकण्याच्या वेगाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे 3 मीटर होईल. त्या वेळी 1000 किलोंपैकी सुमारे 366 किलो शिल्लक राहतील. आणखी तेवढाच वेग हवा असेल, तर आणखी शंभर दगड. मग उरतील 134 किलो. तिसऱ्यांदा तेवढाच वेग वाढवला, तर उरतील अवघे 49 किलो. दगडांऐवजी अगदी बारीक वाळूची सलग धार सोडली, तर हे आकडे किंचित बदलतात: 368, 135 आणि 50. अग्निबाणातून वायूची अशी सलग धारच निघत असते, म्हणून हे दुसरे आकडे त्याला लागू पडतात.

हा नियम सूत्ररूपाने असा लिहितात:

Δv = u × ln(m₀ / m₁)

येथे Δv म्हणजे अग्निबाणाच्या वेगात होणारी एकूण वाढ, u म्हणजे वायूच्या झोताचा वेग, m₀ हे सुरुवातीचे वजन, m₁ हे इंधन संपल्यावरचे वजन आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिथम. लॉगॅरिथमला बिचकण्याचे कारण नाही. त्याचा येथे अर्थ इतकाच, की झोताच्या वेगाच्या एका पटीसाठी सुरुवातीचे वजन उरलेल्या वजनाच्या 2.7 पट लागते, दोन पटींसाठी 7.4 पट, तीन पटींसाठी 20 पट आणि चार पटींसाठी 55 पट. वेग बेरजेने वाढतो, वजन गुणाकाराने. हे सूत्र अवकाशप्रवासासाठी 1903 साली प्रसिद्ध केले कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी. रशियातील कालुगा गावी ते शाळामास्तर होते. लहानपणी आलेल्या आजारात त्यांना जवळजवळ बहिरेपण आले आणि बहुतेक शिक्षण त्यांनी स्वतःच पुस्तके वाचून घेतले.

आता पृथ्वीभोवती उपग्रह फिरता ठेवण्यास किती वेग लागतो ते पाहू. पृथ्वीजवळच्या कक्षेत तो सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर असावा लागतो. वर चढताना गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात आणि हवा कापण्यात आणखी दीड किलोमीटरच्या आसपास वेग खर्ची पडतो. हिशेबाच्या सोयीसाठी आपण एकूण 9 किलोमीटर धरू. नेहमीच्या इंधनांच्या झोताचा वेग सेकंदाला 3 किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे आपल्याला झोताच्या वेगाची बरोबर तिप्पट गाठायची आहे, आणि तिपटीची किंमत आपण पाहिलीच: 20 पट वजन. 100 टनांचा अग्निबाण उडवला, तर 95 टन इंधन जळून शेवटी 5 टन कक्षेत पोहोचले पाहिजेत.

पाच टन म्हणजे काही वाईट नाही, असे वाटेल. पण त्या पाच टनांत केवळ उपग्रह नाही. 95 टन इंधन काही हवेत तरंगत नाही. त्याला भांडे लागते, भांड्याला इंजिन लागते, नळ्या लागतात. भांडे आणि इंजिन मिळून इंधनाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या वजनात बसवले असे धरू. मग 95 टन इंधनासाठी साडेनऊ टनांचे भांडे झाले. कक्षेत पोहोचू शकतात एकूण पाच टन, आणि भांडेच साडेनऊ टनांचे! उपग्रहाला जागा तर नाहीच, उलट साडेचार टन तूट आहे.

मग आणखी इंधन भरावे, असे सहज सुचते. पण त्याने भागत नाही. अग्निबाण 1000 टनांचा केला, तर कक्षेत पोहोचू शकतात 50 टन आणि भांडे होते 95 टनांचे. तूट दहा पट वाढली, एवढेच. प्रमाण तेच राहते, आणि या सूत्रात सारा खेळ प्रमाणाचा आहे. कर्जाचे व्याज भागवायला त्याच दराने नवे कर्ज काढावे, तसा हा प्रकार आहे.

सुटकेचा मार्ग होडीकडे पाहिले म्हणजे दिसतो. दगड संपत आले, की होडीचा बराच भाग रिकामा होतो. त्या रिकाम्या भागाचे ओझे पुढच्या प्रत्येक दगडाला ओढावे लागते. तेव्हा एका मोठ्या होडीऐवजी एकमेकींना बांधलेल्या तीन होड्या घ्याव्यात. पहिलीतले दगड संपले, की तिचा दोर कापून तिला सोडून द्यावे. अग्निबाणाचे टप्पे ते हेच.

आपल्या 100 टनांच्या अग्निबाणाचे असे तीन टप्पे करू आणि प्रत्येकाकडे 3 किलोमीटर वेगाचे काम देऊ. पहिला टप्पा जळतो. 3 किलोमीटरसाठी 100 टनांतील 63.2 टन इंधन जळते आणि 36.8 टन उरतात. यातील 6.3 टनांचे रिकामे भांडे समुद्रात टाकले, की 30.5 टन राहतात. म्हणजे एका टप्प्यानंतर मूळ वजनाचे साडेतीस टक्के. दुसरा टप्पा याच रीतीने जळून पडला, की उरतात 9.3 टन. तिसराही जळून पडला, की 2.8 टन. हा झाला निव्वळ उपग्रह. तेच 100 टन, तेच इंधन, भांड्याचे तेच प्रमाण. पण एका टप्प्यात साडेचार टनांची तूट होती, तेथे तीन टप्प्यांत 2.8 टनांची कमाई झाली. फरक इतकाच, की रिकामी भांडी वाटेत टाकून दिली.

आजीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ते नळकांडे वाया जात नाही. त्याने आपले काम केलेले असते आणि त्यापुढे त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे बाजूला होणे.

मग टप्पे तीनच का? दहा का नाहीत? मी याच रीतीने हिशेब करून पाहिला. दोन टप्प्यांत 2.1 टन कक्षेत जातात, तीन टप्प्यांत 2.8, चार टप्प्यांत 3.1. आणि समजा, असंख्य टप्पे केले, म्हणजे इंधन जळेल तसतसे भांडेही कणाकणाने गळून पडत गेले, तरी 3.7 टनांपलीकडे जाता येत नाही. अर्थशास्त्रात ज्याला आपण घटत्या फलाचा नियम म्हणतो, तो येथे स्पष्ट दिसतो. पहिल्या एक-दोन तुकड्यांचा लाभ प्रचंड, पुढच्यांचा थोडा. उलट प्रत्येक नव्या टप्प्याबरोबर एक नवे इंजिन येते, ते उंचावर योग्य क्षणी पेटावे लागते, आणि एक नवा जोड येतो, तो योग्य क्षणी तुटावा लागतो. प्रत्येक जोड म्हणजे बिघाडाची एक नवी जागा. म्हणून व्यवहारात दोन ते चार टप्प्यांवर थांबतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वापरले, तर झोताचा वेग सेकंदाला सुमारे 4.4 किलोमीटरपर्यंत जातो आणि कागदावर एकाच टप्प्यात जमण्यासारखे वाटते. पण हायड्रोजन इतका विरळ, की त्याची टाकी अवाढव्य करावी लागते, आणि मिळालेला फायदा भांड्यातच जिरतो. पृथ्वीवरून एकाच टप्प्याच्या अग्निबाणाने उपग्रह कक्षेत नेणे आजवर कोणालाही साधलेले नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. माझा 100 टनांचा अग्निबाण हा वहीतला अग्निबाण आहे. प्रत्यक्षात पीएसएलव्हीच्या मोठ्या आवृत्तीचे वजन सुमारे 320 टन असते आणि ध्रुवांवरून जाणाऱ्या 600 किलोमीटर उंचीच्या कक्षेत ती सुमारे 1750 किलो नेते, म्हणजे मूळ वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर. कारणे उघड आहेत. तिचा पहिला टप्पा घन इंधनाचा आहे, त्याच्या झोताचा वेग 3 किलोमीटरपेक्षा कमी असतो. घन इंधन ज्या नळकांड्यात भरलेले असते त्यातच ते जळते, त्यामुळे नळकांड्याला आतला सगळा दाब सोसावा लागतो आणि ते जड होते. 18 जुलै 1980 रोजी ‘एसएलव्ही-3’ या 17 टनांच्या, चार टप्प्यांच्या अग्निबाणाने भारताने प्रथम आपल्या भूमीवरून उपग्रह कक्षेत सोडला. तो ‘रोहिणी’ उपग्रह होता 35 किलोंचा.

आता आजीचा दुसरा प्रश्न. टाकूनच द्यायचे, तर इतके हलके कशाला? याचे उत्तर त्याच तीन आकड्यांत आहे. समजा, तिसऱ्या टप्प्याचे भांडे चुकून 1 किलो जड झाले. ते उपग्रहाबरोबर शेवटपर्यंत जाते, म्हणून उपग्रह बरोबर 1 किलोने कमी करावा लागतो. दुसऱ्या टप्प्याचे भांडे 1 किलो जड झाले, तर त्यापुढे एकच टप्पा उरलेला असल्यामुळे उपग्रह 305 ग्रॅमने घटतो. आणि पहिल्या टप्प्याचे जड झाले, तर 93 ग्रॅमने. म्हणजे तळाचा किलो स्वस्त आणि माथ्याचा किलो महाग.

पीएसएलव्हीच्या बांधणीत ही किंमत डोळ्यांनी पाहता येते. तिचा पहिला टप्पा खास मिश्र पोलादाचा असतो. तिसऱ्या टप्प्याचे कवच पोलादाचे नसते, ते केव्हलार या हलक्या धाग्याचे विणलेले असते. चौथ्या टप्प्याच्या टाक्या टायटॅनियमच्या असतात. जसजसे वर जावे, तसतसा हलका आणि महाग माल. पोलाद तळाशी परवडते, कारण तेथे किलोमागे दंड थोडा आहे. पण थोडा म्हणजे शून्य नव्हे. वहीतल्या हिशेबाने पहिल्या टप्प्यात 1 टन जादा पोलाद म्हणजे उपग्रहातून 93 किलो वजा. म्हणून भिंत जाड करून निर्धास्त होता येत नाही, आणि पातळ करावी तर आतल्या दाबाने ती फुटता कामा नये. मामांचा एक्स-रे आणि पाण्याचा दाब या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेसाठी असतो.

टाकायचे ओझे टाकले गेले नाही तर काय होते, याचा दाखला आपल्याच देशात घडलेला आहे. 31 ऑगस्ट 2017 रोजी पीएसएलव्हीचे सी-39 हे उड्डाण झाले. माथ्यावर 1425 किलोंचा दिशादर्शक उपग्रह होता. हवेच्या घर्षणापासून त्याचे रक्षण करण्यासाठी त्याभोवती सुमारे एक टन वजनाचे उष्णता-कवच असते. दुसरा टप्पा जळत असताना, हवा विरळ झाल्यावर, ते दोन फाकांत उघडून गळून पडते. त्या दिवशी ते उघडलेच नाही. चारही टप्प्यांची इंजिने चालली, कोठे स्फोट झाला नाही. पण नियंत्रण कक्षात वेगाचे आकडे अपेक्षेपेक्षा मागे पडू लागले. ओझे राहिले असेल, तर सूत्राप्रमाणे तसेच व्हायला हवे.

किती मागे? फक्त चौथ्या टप्प्याचा हिशेब करू. त्याचे इंधन सुमारे 2500 किलो, रिकामे वजन सुमारे 900 किलो, झोताचा वेग सुमारे 3 किलोमीटर. कवच गळाले असते, तर सुरुवातीचे वजन 4825 आणि शेवटचे 2325 किलो, प्रमाण 2.08 आणि मिळणारा वेग सुमारे 2.2 किलोमीटर. एक टनाचे कवच चिकटून राहिल्यावर प्रमाण 5825 ला 3325, म्हणजे 1.75, आणि वेग सुमारे 1.7 किलोमीटर. एका टप्प्यातच अर्ध्या किलोमीटरची तूट! दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांतली तूट वेगळीच. पृथ्वीपासून 20650 किलोमीटर दूरपर्यंत जाणारी लंबगोल कक्षा ठरली होती. प्रत्यक्षात ती सुमारे 6555 किलोमीटरपर्यंतच गेली. या दोन कक्षांवरून उलट हिशेब केला, तर पृथ्वीजवळच्या बिंदूपाशी वेग सेकंदाला 9.8 किलोमीटर हवा होता, तो मिळाला सुमारे 9.0. एकूण तूट 0.8 किलोमीटर. उपग्रह शाबूत होता, पण कवचाच्या आत अडकून पडला आणि निरुपयोगी ठरला.

हा हिशेब मी दिवाळीच्या सुट्टीत आजीला सांगितला. लॉगॅरिथम अर्थातच गाळला. होडी, दगड आणि तीन दोर तेवढे सांगितले. उजनीच्या कडेला आयुष्य गेलेल्या बाईला होडी समजावून सांगावी लागली नाही. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग मामांकडे वळून म्हणाली, “म्हंजी तू केलेलं भांडं येळंवर पडलं, म्हून वरचं पोचलं.”

मामा काही बोलले नाहीत. पण मला वाटते, आपल्या इतक्या वर्षांच्या कामाची अशी नोंद त्यांनी प्रथमच ऐकली असावी.